वांगावर ट्रॅनेक्सॅमिक: माझे चौदा महिने

मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी चिठ्ठीवर सीरमचं नाव लिहिलं आणि ते वाचून मी थबकलेच. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. हे नाव मी आधी एकदा वाचलं होतं, तेही गोळ्यांच्या पाकिटावर. तीन वर्षांपूर्वी पाळीत अंगावरून फार जायचं, तेव्हा आमच्या लेडी डॉक्टरांनी चार दिवसांसाठी पाचशे मिलिग्रॅमच्या याच गोळ्या दिल्या होत्या. म्हटलं, "मॅडम, हे तर रक्त थांबवायचं औषध. तोंडाला कशाला?"

त्या हसल्या नाहीत. पेन बाजूला ठेवून त्यांनी मला दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्या दहा मिनिटांमुळेच मी पुढचे चौदा महिने टिकले, नाहीतर सहाव्या आठवड्यातच बाटली कचऱ्यात गेली असती.

आधी माझी गोष्ट सांगते. मी एकेचाळीस वर्षांची. सांगलीत विश्रामबागला माझं चपाती-भाजी केंद्र आहे. धाकट्याच्या वेळी पाचव्या महिन्यात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आलं. बाळंतपणानंतर निम्मं गेलं. सासूबाई म्हणाल्या, पोराबरोबर आलंय, पोर मोठं होईल तसं जाईल. जातही होतं. मग केंद्र सुरू केलं. सकाळी साडेसहापासून दुपारी दोनपर्यंत दोन तव्यांपुढे उभी, डाव्या हाताला पूर्वेची मोठी खिडकी, आणि त्यानंतर डबे पोचवायला स्कूटी. दोन वर्षांत डाव्या गालावरचा डाग रुपयाच्या नाण्याएवढा होता तो तळहाताएवढा झाला. उजवा त्यामानाने कमी. खिडकी डावीकडे आहे हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, ते मॅडमनी विचारल्यावर आलं.

मध्ये मी एक चूक केली, ती लपवत नाही. एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय एक गोरेपणाचं क्रीम आणलं. ओळखीतल्या दोघी लावत होत्या. तीन आठवड्यांत चेहरा असा उजळला की गिऱ्हाइकं विचारायला लागली. पाच महिने लावलं. मग एक दिवस ट्यूब संपली, दोन दिवस लावलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी चेहरा लाल, तव्यापुढे उभं राहिलं की मिरची लागल्यासारखी आग. डाग परत आले ते आधीपेक्षा गडद, आणि गालावर केसासारख्या बारीक लाल रेषा दिसायला लागल्या. मॅडमनी ट्यूब हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड होतं. त्या म्हणाल्या, हे मिश्रण चुकीचं नाही, पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली मोजक्या आठवड्यांसाठी असतं. पाच महिने नाही.

म्हणून त्यांनी सीरम लगेच सुरू केलंच नाही. आधी सहा आठवडे फक्त साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. चिडलेल्या त्वचेवर काहीही लावलं तरी ती रंगच ओतणार, असं त्यांचं म्हणणं. ते सहा आठवडे मला सगळ्यात अवघड गेले, कारण डाग तसेच आणि करायला काही नाही. पण आग थांबली ती त्यातच.

आता ते रक्ताचं. मॅडमनी सांगितलं ते माझ्या शब्दांत मांडते. आपल्या रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचं प्रथिन असतं. रक्ताची गाठ विरघळवायची वेळ आली की त्याचं प्लाझ्मिन होतं आणि ते गाठ विरघळवतं. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड त्या प्लाझ्मिनोजेनला जाऊन चिकटतं, मग त्याला गाठीच्या धाग्यांना धरता येत नाही. गाठ टिकते, रक्त थांबतं. पाळीची गोळी हेच काम करते. हे औषध १९६२ साली जपानमध्ये ओकामोतो या डॉक्टर पती-पत्नींनी शोधलं. पुढे १९७९ साली तिथेच एका रुग्णाला अंगावरच्या पित्तासाठी हे औषध दिलं, तर त्याचं वांग फिकं झालेलं दिसलं. वांगासाठी याचा वापर सुरू झाला तो असा, ध्यानीमनी नसताना.

कारण तेच प्लाझ्मिन कातडीतही उद्योग करतं. ऊन लागलं की कातडीच्या वरच्या पेशींमध्ये प्लाझ्मिन वाढतं. त्यातून सूज आणणारी द्रव्यं तयार होतात आणि ती शेजारच्या रंग बनवणाऱ्या पेशींना सांगतात, बनवा अजून. साध्या माणसाच्या कातडीत हा निरोप थोडा वेळ जातो आणि थांबतो. वांग असलेल्या जागी तो थांबतच नाही. ट्रॅनेक्सॅमिक तिथे प्लाझ्मिनोजेनला अडवतं, म्हणजे निरोपच पोचू देत नाही. शिवाय डागाखाली वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्याही ते थोड्या शमवतं. मॅडमनी डर्मोस्कोप नावाचं छोटं दिव्याचं भिंग गालाला टेकवून मला फोनवर फोटो दाखवला होता: तपकिरी जाळीच्या मधून लाल धागे. "तुमच्यात लाली आहे म्हणून मी हे निवडलं," असं त्या म्हणाल्या.

यातली एक गोष्ट मी घट्ट धरून ठेवली. हे औषध आधीच तयार झालेला रंग पुसत नाही. ते फक्त नवा रंग बनायची ऑर्डर थांबवतं. जुना रंग ज्या पेशींत भरलाय त्या पेशी वर सरकत सरकत गळून जायच्या, तेव्हाच डाग फिका होणार. तरुण कातडीत ही फेरी साधारण महिन्याची असते, वय वाढेल तशी लांबते. म्हणून पहिले चार आठवडे काहीच दिसत नाही, आणि तेव्हाच बहुतेक बायका सोडतात. दुसरं असं की हे ॲसिड पाण्यात विरघळणारं आहे आणि कातडीचा वरचा थर तेलकट, त्यामुळे आत जातं ते थोडंच. काम हळू होतं, आणि जो रंग खाली उतरून राखाडी झालाय तिथे तर फारच कमी. मॅडमनी माझ्या गालाच्या हाडावरचा एक राखाडी पट्टा दाखवून आधीच सांगितलं होतं, हा इतक्यात हलणार नाही.

मला दिलेलं सीरम तीन टक्क्यांचं होतं. दोन ते पाच टक्क्यांपर्यंत मिळतात. नावात ॲसिड असलं तरी हे कातडी सोलणारं ॲसिड नव्हे, लावल्यावर चुरचुरायला नको. पद्धत साधी. चेहरा धुऊन, टिपून, चार थेंब सकाळी आणि चार रात्री. थेंब डागावरच नाही, सगळ्या चेहऱ्यावर, कारण नुसत्या डागावर लावलं तर कडेचा न दिसणारा डाग तसाच वाढत राहतो. दोन मिनिटं जाऊ द्यायची, मग मॉइश्चरायझर, सकाळी त्यावर सनस्क्रीन. दिवसाचे आठ थेंब धरले तर तीस मिलीची बाटली जेमतेम अडीच महिने जायला हवी. माझ्या जावेची बाटली सहा महिने पुरली होती आणि ती म्हणत होती, काही फरक नाही. फरक पडेल इतकं तिने लावलंच नव्हतं.

१ जुलैला सुरुवात केली. त्याच दिवशी पहिला फोटो काढला, आणि इथे मी एक गोष्ट स्वतःच्या डोक्याने केली. फोन दर वेळी रंग वेगळा दाखवतो, एकदा पिवळट, एकदा निळसर. म्हणून मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्याची पांढरी बाजू गालाला लावून धरायची. जागा एकच, मागच्या दारातली, उत्तरेच्या उजेडात, सकाळी अकराला, फ्लॅश बंद. लेकीला सांगून ठेवलं होतं की डाव्या कानापुढचा माझा तीळ दर वेळी चौकटीच्या त्याच कोपऱ्यात आला पाहिजे. चार आठवड्यांनी दुसरा फोटो. दोन फोटो शेजारी ठेवले की आधी कागदाचा पांढरा रंग सारखा आहे का बघायचा, मग तिळाचा, आणि शेवटी डागाचा. तीळ दोन्हीकडे सारखाच गडद आणि डाग फिका, तरच ते खरं. रोज आरशात बघणं मी बंद केलं. आरसा रोज वेगळं सांगतो.

जुलैअखेरचा फोटो आणि पहिला फोटो यांत मला काहीही फरक दिसला नाही. मॅडमनी सांगून ठेवलं होतं म्हणून चालू ठेवलं.

सातव्या आठवड्यात मात्र घात झाला. भाची पुण्याहून आली होती, तिने तिची ग्लायकोलिक ॲसिडची बाटली दिली. म्हणे, आत्या, जुनी कातडी लवकर निघेल, मग तुझं सीरम आत जाईल. ऐकायला पटण्यासारखं होतं, कारण मला जे समजलं होतं त्याच्याशी जुळत होतं. तीन रात्री लावलं. चौथ्या दिवशी तव्यापुढे गाल ताणल्यासारखा वाटायला लागला, नाकाच्या कडेला कोंडा सुटला, आणि जे सीरम कधी चुरचुरलं नव्हतं ते लावल्यावर पाच मिनिटं झोंबायला लागलं. हीच खूण आहे. औषध तेच असताना ते अचानक झोंबायला लागलं, तर कातडीचं कवच फाटलेलं असतं. मॅडमनी दहा दिवस सगळं बंद करून फक्त मॉइश्चरायझर ठेवलं. पण ऑगस्टअखेरच्या फोटोत डाग सुरुवातीपेक्षा गडद दिसला. सावळ्या कातडीत सूज आली की मागे रंग राहतोच. माझा एक महिना गेला, म्हणून बारा आठवड्यांचा निकाल मॅडमनी चार आठवडे पुढे ढकलला.

ऑक्टोबरअखेरच्या फोटोत पहिल्यांदा दिसलं. आधी गेली ती लाली. मग डागाची कड. आधी पेन्सिलने ओढल्यासारखी होती, ती आता कुठे संपते हे बोटाने दाखवता येईना. मधला रंग फारसा हलला नव्हता. मॅडमना तेवढं पुरेसं होतं. त्यांचा नियम असा होता: नीट लावून बारा आठवड्यांत फोटोत काहीच नसेल तर बाटल्या वाढवत बसायचं नाही, परत यायचं, दुसरं काही बघायचं. काही दिसलं तर सहा महिन्यांपर्यंत न्यायचं.

पण या काळात नुसतं सीरम काम करत नव्हतं, हेही सांगायला हवं. मॅडमनी केंद्राचा नकाशा कागदावर काढायला लावला होता. खिडकीला काच आहे, तर ऊन कुठून लागणार, असं मी म्हटलं. काच भाजणारे किरण अडवते, पण रंग आणणारे बरेचसे आत सोडते, आणि वांगाला तर नुसता डोळ्यांना दिसणारा लख्ख उजेडही चालत नाही. त्यासाठी साधं सनस्क्रीन अपुरं पडतं. आयर्न ऑक्साइड असलेलं, म्हणजे कातडीच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन लागतं, कारण तो रंगच उजेड अडवतो. दोन बोटांवर भरून घेतलं की चेहऱ्याला आणि मानेला होतं. त्याहून कमी लावलं तर बाटलीवरच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

घामाचं काय, हा माझा खरा प्रश्न होता. दर अर्ध्या तासाने पदराने तोंड पुसायची सवय. पुसलं की सनस्क्रीन पदरावर. आता गळ्यात एक सुती पंचा ठेवते आणि घाम टिपते, घासत नाही. साडेदहाला चहाच्या वेळी आणि निघायच्या आधी परत लावते. शेगडी खिडकीपासून काढून पश्चिमेच्या भिंतीला नेली, एक्झॉस्ट तव्याच्या वर घेतला. फुलके भाजायचं काम, ज्यात तोंड सगळ्यात जवळ जातं, ते आणि कणीक मळणं यात आम्ही तिघींनी पाळी लावली. उष्णतेनेही वांग वाढतं, आणि सनस्क्रीन उष्णता अडवत नाही. या बदलांना खर्च आला तो गवंड्याचा आणि गॅसच्या पाइपचा, सीरमच्या दोन बाटल्यांपेक्षा थोडा जास्त.

जानेवारीत सहा महिने झाले तेव्हाचा फोटो माझ्याकडचा सगळ्यात चांगला. वरच्या ओठावरचं जवळजवळ गेलं होतं. डाव्या गालावरचं निम्म्याहून जास्त फिकं झालं होतं. हाडावरचा राखाडी पट्टा होता तसाच. मॅडम म्हणाल्या, आता सकाळचं बंद, फक्त रात्री. आणि मी निघताना दारापर्यंत येऊन म्हणाल्या, "पावसाळा आणि थंडीतला फोटो बघून खूश होऊ नका. एप्रिलचा दाखवा."

त्यांचं मी अर्धंच ऐकलं. फेब्रुवारीच्या मध्यावर मी रात्रीचंही सोडून दिलं, कारण राखाडी पट्टा सोडला तर डाग दिसतच नव्हता. एप्रिलमध्ये तासगावला पुतण्याचं लग्न. हळदीपासून वरातीपर्यंत दोन दिवस मांडवात, मेकअपखाली सनस्क्रीन नाही. एप्रिलअखेरच्या फोटोत कड परत आली, आणि ती डाव्या गालाला त्याच जुन्या वळणावर आली. मी त्या रात्री रडले. मॅडमनी फोटो बघून सांगितलं की वांग गेलेलं नसतं, झोपलेलं असतं. त्या जागच्या पेशी निरोपाला अजून तशाच तत्पर असतात, आणि औषध थांबलं की अडवायला कोणी नसतं. ओठावरचं मात्र परत आलं नव्हतं, म्हणजे सगळं वाया गेलं असं नव्हतं. परत दोन्ही वेळा सुरू केलं. या वेळी आठ आठवड्यांतच कड विरली, कदाचित डाग ताजा होता म्हणून.

याच सुमारास घरात दुसरा एक प्रकार घडला. माझ्या जावेने माझ्या कपाटातल्या पाळीच्या उरलेल्या गोळ्या बघितल्या. नाव तेच. तिचं म्हणणं, वरून लावून इतके महिने कशाला, पोटातून घेतलं तर लवकर जाईल. तिला कोणीतरी सांगितलंही होतं की डॉक्टर वांगासाठी गोळ्या देतात. ते खोटं नाही. देतात, बहुधा अडीचशे मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, काही महिने. पण आमच्या जाऊबाई गर्भनिरोधक गोळ्या घेत होत्या आणि त्यांच्या आईच्या पायात पूर्वी रक्ताची गाठ झाली होती. गाठ टिकवणारं औषध, त्यावर गाठीचा धोका वाढवणाऱ्या गोळ्या, आणि घरात गाठीचा इतिहास. मी तिला धरून मॅडमकडे नेलं. त्यांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. वरून लावलेलं रक्तात फार थोडं जातं म्हणून तिथे ही भीती नगण्य, पण पोटातून घ्यायचं ते आधी ही सगळी विचारपूस झाल्यावरच. एका पायाला अचानक सूज आणि पोटरी दुखणं, धाप लागणं, छातीत कळ, नजर अंधुक होणं, यातलं काही गोळी घेणाऱ्या बाईला झालं तर त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. मी स्वतः चार दिवस त्या गोळ्या घेतल्या होत्या तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. उरलेलं पाकीट त्याच दिवशी कपाटातून काढून टाकलं.

जाऊबाईंना मॅडमनी सीरमच दिलं, त्याच्याबरोबर रात्री ॲझेलेइक ॲसिडचं क्रीम. शिवाय गर्भनिरोधक गोळ्यांऐवजी दुसरं काही चालेल का, हे लेडी डॉक्टरांना विचारायला लावलं. तिचं वांग त्या गोळ्या सुरू झाल्यावरच आलं होतं.

ऑगस्टअखेरीस मला चौदा महिने झाले. कपाटात पाचवी बाटली आहे. आता ठरलंय ते असं: सप्टेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून चार रात्री, मार्च ते मे रोज दोन्ही वेळा, पावसाळ्यात रोज रात्री. सनस्क्रीनला मात्र बाराही महिने सुट्टी नाही, पावसात आभाळ भरून आलं तरी. हाडावरचा राखाडी पट्टा अजून आहे, पहिल्या फोटोपेक्षा जराच फिका. त्यासाठी लेझर करू का म्हणून विचारलं, तर मॅडमनी येणारा उन्हाळा कसा जातो ते बघू म्हणून थांबवलं, कारण उष्णतेने चिडणाऱ्या कातडीत लेझरनेही वांग उसळू शकतं.

फोटोंचं पान लेकीने फोनमध्ये वेगळं काढून ठेवलंय, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी अकरा वाजता तीच आठवण करते. कॅलेंडरचं ते उलटं पान आता कडेने पिवळं पडायला लागलंय, म्हणून या रविवारी नवं पान घेतलं आणि जुन्याच्या शेजारी धरून एक फोटो काढला, म्हणजे पुढच्या फोटोंत पांढरा कोणता धरायचा ते कळेल.